पॅसेंजर एअरबॅगचा दिवा आणि आईचं वजन: प्रकल्प नोंदी

३१ ऑगस्ट २०२४, शनिवार

आईला दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. ती पुढे बसली होती, कारण मागे बसलं की तिला गाडी लागते. अर्ध्या वाटेत सिग्नलला थांबले आणि लक्ष गेलं: रेडिओच्या वर पिवळा दिवा पेटलेला, `PASSENGER AIR BAG OFF`. आई गेल्या आठवड्यात साताऱ्याहून इथे अमेरिकेत आली, त्यानंतर ती माझ्या शेजारी चार-पाच वेळा तरी बसली असेल. त्या वेळी दिवा कसा होता, हे मी बघितलंच नव्हतं.

घरी आल्यावर गाडीचं पुस्तक काढलं. आमच्या गाडीत सीट रिकामी असेल तर ON आणि OFF दोन्ही दिवे बंद राहतात. लहान मूल किंवा कारसीट असेल तर OFF लागतो आणि समोरची एअरबॅग उघडत नाही. मोठं माणूस असेल तर ON लागतो. म्हणजे गाडीच्या लेखी माझी ६८ वर्षांची आई लहान मूल आहे आणि आज धडक झाली असती तर तिच्यापुढची एअरबॅग फुगलीच नसती.

एअरबॅगचा लाल इशारा, म्हणजे बसलेल्या माणसाचं चित्र असलेला तो दिवा, मात्र पेटलेला नाही. यंत्रणेला स्वतःत काही बिघाड दिसत नाहीये. तिने मोजमाप केलं, निर्णय घेतला आणि तो चुकला.

कारण सापडेपर्यंत आई मागेच बसणार. लिमलेटच्या गोळ्या आणून ठेवल्या.

१ सप्टेंबर, रविवार

माझं रोजचं काम लोड सेलचं आहे. प्रयोगशाळेत यंत्रांच्या भागांवर किती भार येतो ते मोजायचं. त्यामुळे सीटखाली टॉर्च मारल्यावर ओळखीचंच काहीतरी दिसलं. सीट आणि तिचे रूळ यांच्या मधे चारही कोपऱ्यांना एकेक छोटा धातूचा तुकडा आहे. भार आला की तो केसभर वाकतो. त्यावर चिकटवलेल्या स्ट्रेन गेजचा विद्युत रोध त्या वाकण्याने बदलतो आणि सीटखालचा छोटा कंट्रोलर चार आकड्यांची बेरीज करतो.

सगळ्या गाड्यांत हीच रचना नसते. काहींत गादीखाली द्रव भरलेली पिशवी असते आणि तिच्यातला दाब मोजतात. काहींत दाब ओळखणारी चटई असते. काही जण विद्युत क्षेत्रातला बदल बघतात आणि अशा सीटवर ओलसर कापड किंवा चार्जर लावलेला लॅपटॉप ठेवला तरी गोंधळ होऊ शकतो. आमची गाडी मात्र सरळ तराजू आहे.

पण हा तराजू माणूस तोलत नाही, सीटवर टेकलेला भार तोलतो. पाय गाडीच्या तळाशी टेकलेले असतात, त्यामुळे पायांचं बरंचसं वजन सीटखालच्या सेन्सरपर्यंत पोचतच नाही. बाथरूमच्या काट्यावर आई ४६.५ किलो भरते. सीटवर यातले किती उतरतात, ते मोजायला हवं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरती, प्रसाद, पाहुणे. गाडीला हात लावला नाही. संध्याकाळी कामावरचा एक मित्र दर्शनाला आला, त्याच्याकडून स्कॅनर मागून घेतला. हा स्कॅनर इंजिनपुरता नाही, सीटच्या कंट्रोलरचे चालू आकडेही दाखवतो.

८ सप्टेंबर, रविवार

आज खरं काम झालं. गाडी सपाट फरशीवर, गॅरेजमध्ये. इग्निशन चालू, इंजिन बंद. सीटवर काही नाही, सीटखाली काही नाही, मागच्या खिशातली पुस्तकं आणि छत्रीही काढली.

रिकाम्या सीटचे आकडे किलोत असे आले. पुढचा डावा −०.४, पुढचा उजवा −०.२, मागचा डावा −०.६, मागचा उजवा −२.७. बेरीज −३.९.

रिकाम्या सीटची बेरीज शून्याच्या आसपास हवी. इथे गाडीला वाटतंय की सीटवर कुणीतरी उणे चार किलोचं बसलंय. आणि चारपैकी तीन कोपरे जवळजवळ ठीक आहेत. घोळ मागच्या उजव्या कोपऱ्यात आहे.

मग तांदूळ आणले. वीस पौंडांच्या तीन पिशव्या, काट्यावर एकत्र २७.४ किलो. सीटच्या मधोमध रचल्या. स्क्रीनवर २३.४. त्यात मघाचे ३.९ मिळवले तर २७.३. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भार वाढला तितकाच आकडा वाढला, म्हणजे सेन्सर मेलेले नाहीत आणि त्यांची चढणही बरोबर आहे. फक्त शून्याची जागा सरकली आहे. वाण्याच्या तराजूचं एक पारडं रिकाम्या वेळीच झुकलेलं असावं, तसं.

शेवटी आईला बसवलं. पाठ टेकून, पाय खाली, हात मांडीवर. पुढचे दोन कोपरे ४.१ आणि ४.६, मागचे १४.३ आणि ११.८. बेरीज ३४.८. स्क्रीनवर वर्ग आला `CHILD`.

दुरुस्ती पुस्तिकेत या गाडीची सीमारेषा ३६ किलो दिली आहे. त्याच्या खाली मूल, ३६ ते ५४ मध्ये `AF05`, म्हणजे लहान चणीची स्त्री, आणि त्यावर `AM50`, म्हणजे सरासरी पुरुष. ३४.८ मध्ये ३.९ मिळवा: ३८.७. शून्य जागेवर असतं तर आई `AF05` झाली असती आणि ON दिवा लागला असता. ४६.५ पैकी ३८.७ म्हणजे ८३ टक्के. बाकीचं तिच्या पायांवाटे तळाशी गेलं.

"एवढा अभ्यास माझ्या वजनाचा?" आई म्हणाली. मग म्हणाली, "अगं, पण मांडी घातली तर?" ती गाडीतही सवयीने मांडी घालते. घालून बघितली. ४२.४. पाय उचलले, त्यांचाही भार सीटवर आला, आणि चुकलेल्या शून्यासकट `AF05` लागलं. म्हणजे आधीही तिच्या बसण्याप्रमाणे दिवा कधी ON, कधी OFF होत असणार. पण हा उपाय मुळीच नाही. मांडी घातली की कमरेचा पट्टा हाडावर न बसता पोटावर चढतो, आणि धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरतं. आईला हे सांगितलं. तिने लगेच पाय खाली घेतले आणि आता रोज गाडीत बसताना स्वतःहून आठवण काढते.

९ सप्टेंबर, सोमवार

मागचा उजवा कोपरा का बिघडला, ते रात्री नवऱ्याशी बोलताना उमगलं. एप्रिलमध्ये सनरूफची पाणी वाहून नेणारी नळी तुंबली होती आणि पुढचा गालिचा ओला झाला होता. एका गॅरेजने सीट काढली, गालिचा सुकवला, सीट परत बसवली. बिलात सीट काढल्या-लावल्याची नोंद आहे, शून्य पुन्हा सेट केल्याची नाही.

सीटचे चार बोल्ट आवळताना रूळ किंचित पिळवटला गेला, तर तो पीळ कायमचा त्या धातूच्या तुकड्यावर बसून राहतो. सेन्सरला तो भार वाटतो, इथे उलट्या दिशेचा. म्हणूनच सीट काढली-लावली की शून्य पुन्हा सेट करणं हा कामाचाच भाग आहे. ते राहिलं तरी कंट्रोलरला बिघाड वाटत नाही, कारण −२.७ हा आकडा अशक्य कोटीतला नाही. स्कॅनरवर एकही बिघाडाचा कोड नव्हता, त्याचं कारण हे.

बोल्ट मी स्वतः सैल करणार नाही. सीटच्या बाजूच्या एअरबॅगची पिवळी जोडणी तिथेच आहे, आणि पिवळ्या वायरीला घरी हात लावायचा नाही हे मी ठरवून टाकलंय. डीलरच्या वर्कशॉपला फोन करून २१ तारखेची वेळ घेतली.

१४ सप्टेंबर, शनिवार

३६ हा आकडा आला कुठून, ते वाचत बसले.

अमेरिकेत १९९० च्या दशकात पॅसेंजर एअरबॅग सर्रास आल्या आणि त्यांनीच मुलं दगावायला लागली. हळू वेगाच्या, एरवी कुणाला फार लागलंही नसतं अशा धडकांमध्ये. १९९० ते २००८ या काळात समोरच्या एअरबॅगमुळे २९० हून जास्त मृत्यू झाल्याचा सरकारी अंदाज आहे. त्यातल्या प्रवाशांत बहुतेक मुलं आणि तान्ही बाळं होती. मागे तोंड असलेली कारसीट पुढे ठेवली की तिची पाठ डॅशबोर्डला जवळजवळ चिकटते. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि नेमकी बाळाच्या डोक्यामागच्या कवचावर आदळते. माझं बाळ पाच महिन्यांचं आहे. हे वाचून मी थोडा वेळ उठून गेले.

मे २००० मध्ये नियम बदलला. २००३ ते २००६ या काळात टप्प्याटप्प्याने तो सगळ्या नव्या गाड्यांना लागू झाला. मुलांना वाचवण्याचे त्यात एकाहून जास्त मार्ग आहेत, आमच्या गाडीने एअरबॅग आपोआप बंद करण्याचा मार्ग घेतला. या मार्गात चाचणीचे पुतळे बसवून बघतात. एक वर्षाचं मूल सुमारे १० किलो, तीन वर्षांचं सुमारे १५, सहा वर्षांचं सुमारे २३. या तिघांना एअरबॅग बंद राहिली पाहिजे आणि पिवळा दिवा लागला पाहिजे. मग लहान चणीची स्त्री, सुमारे ४९ किलो. तिला एअरबॅग चालू राहिली पाहिजे.

आता मधली जागा बघा. २३ आणि ४९ यांच्या मधे चाचणीचा पुतळाच नाही. त्या पट्ट्यात रेघ कुठे मारायची ते गाडी बनवणारा ठरवतो. माझी आई ४६.५ किलोची, म्हणजे त्याच पट्ट्यात. दहा-अकरा वर्षांचं पोरही त्याच पट्ट्यात. इथे गाडी "हे मूल आहे" किंवा "ही बाई आहे" असं ओळखत नाही. सीटवर किती किलो टेकले एवढंच तिला कळतं, वय आणि हाडं कळत नाहीत. एखादा ३८ किलोचा पाचवीतला मुलगा दप्तर मांडीवर घेऊन पुढे बसला, तर आमच्या गाडीत ON लागायला वेळ लागणार नाही. म्हणून इथली रस्ता सुरक्षा संस्था बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना मागेच बसवायला सांगते, दिवा काहीही म्हणो.

१५ सप्टेंबर, रविवार

पुण्याला दादाला फोन केला. त्याच्या गाडीतही असा दिवा आहे, पण तो वेगळा निघाला. ग्लोव्ह बॉक्स उघडला की बाजूला किल्लीने फिरवायचा स्विच आहे. OFF वर फिरवला की दिवा लागतो. सीटखाली काहीच तोललं जात नाही, दिवा फक्त स्विच कुठे आहे ते सांगतो. भारतात १ एप्रिल २०२१ पासून नव्या मॉडेलना पुढच्या प्रवाशाची एअरबॅग सक्तीची झाली, पण सीटवर कोण आहे ते स्वतः ओळखणारी यंत्रणा तिथल्या नेहमीच्या गाड्यांत सहसा नसते. काहींत हा स्विचही नसतो, आणि तशा गाडीत मागे तोंडाची कारसीट पुढे ठेवायचा प्रश्नच येत नाही.

दादाला स्विच बघायला सांगितलं. तो OFF वर होता. दोन वर्षांपूर्वी भाचीची कारसीट पुढे ठेवली होती तेव्हा फिरवलेला, मग परत फिरवायचा राहिला. वहिनी तेव्हापासून तशीच पुढे बसते आहे. दादा फोन चालू ठेवूनच खाली पार्किंगमध्ये गेला आणि ON करून आला.

२१ सप्टेंबर, शनिवार

वर्कशॉपमध्ये मेकॅनिकला माझे आकडे दाखवले. त्याने ते नीट वाचले आणि मागचा उजवा बोल्ट आधी बघू म्हणाला. चारही बोल्ट सैल केले, सीट रुळावर मोकळी बसू दिली, मग टॉर्क रेंचने क्रमाने आवळले. सीट रिकामी ठेवून स्कॅनरवरून शून्य सेट केलं. मग ३० किलोचं वजन ठेवलं. पुस्तिकेप्रमाणे २७ ते ३३ मध्ये आकडा यायला हवा. आला २९.८.

घरी येऊन स्वतः तपासलं. रिकामी ०.१. तांदूळ २७.३. आई ३८.६, `AF05`, ON दिवा.

२८ सप्टेंबर, शनिवार

दिवा पुन्हा OFF झाला. कायमचा नाही, वळणावर आणि नंतर काही मिनिटं. घरी आल्यावर रिकाम्या सीटचा आकडा ०.२. शून्य जागेवरच आहे.

आईला पुन्हा बसवून विचारलं, वळणावर काय करतेस? तिने दरवाजावरचं हँडल धरून दाखवलं. ३६.९. जरा जोरात ओढलं तर ३५.४. हाताने स्वतःला वर ओढलं की तेवढं वजन छताला टांगलं जातं. पण तेवढ्याने काही मिनिटं दिवा बंद राहायला नको. अजून काहीतरी होतं.

मागे वाकून बघितलं तर बाळाची कारसीट. ती मागे तोंडाची आहे आणि बरोबर आईच्या मागे लावलेली. आईने पाठ थोडी कलती केली होती, त्यामुळे तिच्या सीटची पाठ कारसीटच्या वरच्या कडेवर टेकली होती. मधून कागद सरकवून बघितला, सरकला नाही. म्हणजे आईच्या पाठीचा काही भार बाळाच्या सीटवर उतरत होता आणि तराजूत येत नव्हता. ती पाठ टेकून बसली की स्क्रीनवर ३६.४. त्यात हँडल धरलं की खेळ संपला.

आईची सीट सरळ केली, मधे दोन बोटं अंतर आलं, आकडा ३८.५.

चूक शून्याची होती तोवर ही गोष्ट तिच्या आड लपली होती. शून्य बरोबर असतानाही आई सीमारेषेच्या फक्त अडीच किलो वर आहे, आणि अडीच किलो कुठेही हरवू शकतात.

५ ऑक्टोबर, शनिवार

बाळाची कारसीट मागच्या मधल्या जागेवर हलवली. दोन्ही पुस्तकं, गाडीचं आणि कारसीटचं, आधी वाचली. आमच्या गाडीत मधल्या जागेला खालच्या अडकवण्याच्या कड्या नाहीत, तिथे पट्ट्यानेच बांधावी लागते. पट्टा पूर्ण बाहेर ओढला की तो कुलूपबंद होतो, मग फक्त आत जातो. गुडघा रोवून ताणून घेतला. पट्टा जातो तिथे धरून हलवलं, एक इंचापेक्षा कमी हलते. कारसीटचा कल दाखवणारा बुडबुडा रेघांच्या मधे आहे.

हलवण्याआधी एक प्रयोग केला, गाडी उभी असताना आणि बाळाशिवाय. रिकामी कारसीट (९.२ किलो) पुढच्या सीटवर ठेवली, तिच्यात तांदळाची एक पिशवी (९.१). पट्टा सैल असताना आकडा १८.४. मग पट्टा कुलूपबंद करून ताणला, गुडघा काढला, आणि आकडा २४.७ वर थांबला. सव्वासहा किलो आले कुठून? आमच्या गाडीत बकल सीटला जोडलेलं आहे, पण पट्ट्याचं दुसरं टोक गाडीच्या खांबाला. ताणलेला पट्टा कारसीटला आणि तिच्यासकट अख्ख्या सीटला खाली दाबतो. तराजूला तो भारच वाटतो. कायद्याच्या चाचणीत हा ताण १३४ न्यूटनपर्यंत धरतात, म्हणजे साधारण १३.७ किलोची ओढ. दाबाच्या पिशवीवाल्या काही गाड्यांत एवढ्यासाठी पट्ट्याचा ताण मोजणारा वेगळा सेन्सर लावतात.

दिवा OFF च होता, म्हणजे गाडीने बरोबर ओळखलं. पण हिशेब करून बघितला. १८ किलोचं मूल, ९ किलोची कारसीट, ६ किलो पट्ट्याचे: ३३. सीमारेषा ३६. आणि सीटचं शून्य सरकलं तर ते वरच्या बाजूलाही सरकू शकतं. आमचं उणे ३.९ सरकलं. ते अधिक ३.९ असतं, तर हीच बेरीज ३६.९ झाली असती आणि कारसीटमधल्या मुलासमोर ON दिवा लागला असता. कोड नाही, लाल इशारा नाही.

हा कागद मी नवऱ्यासमोर ठेवला. त्याचं म्हणणं होतं की OFF दिवा असेल तर कधीतरी बाळाला पुढे घ्यायला हरकत नसावी, एकट्याने चालवताना बाळ दिसतं तरी. कागद वाचून त्याने तो विषय सोडला.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली. आई पुढे बसली, सीट सरळ आणि शक्य तितकी मागे, पाय खाली. तिने दिवा स्वतः वाचून सांगितला: "ऑन." देवळापर्यंत पंचवीस मिनिटं, वळणांसकट, बदलला नाही. हँडलऐवजी ती आता दरवाजावरच्या टेकणावर नुसता हात ठेवते. तसा ठेवला की आकडा ३८ च्या खाली जात नाही, हे सकाळी बघून घेतलं होतं.

१९ ऑक्टोबर, शनिवार

स्कॅनर परत केला. मित्राने त्याच्या गाडीचे आकडे घेतले, रिकाम्या सीटचे ०.३ आले.

ग्लोव्ह बॉक्समध्ये एक कार्ड ठेवलंय: शून्य सेट केल्याची तारीख २१ सप्टेंबर, रिकामी ०.१, तांदूळ २७.४ ला २७.३, आई ३८.६. खाली लिहिलंय की कुणीही, कुठल्याही कारणाने ही सीट काढली तर शून्य सेट केल्याचं बिलात लिहून घ्यायचं. थंडी सुरू झाली की आई जाड कोट घालेल, कोटाचं दीड किलो बेरजेत येईल. तेव्हा दिवा ON दिसला तरी एकदा कोट काढून बघायचं आहे.